एक तृतीयांश सारांश: शब्द कापताना युक्तिवाद कसा वाचवायचा

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी दर शनिवारी संध्याकाळी सारांशाच्या वह्या तपासते. मुलं बहुतेक स्पर्धा परीक्षेची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा जो सक्तीचा पेपर असतो, तो ३०० गुणांचा आणि त्यात सारांशाला ६० गुण. तीन तासांचा हिशोब धरला तर या एका प्रश्नाच्या वाट्याला ३६ मिनिटं येतात. सूचना थोड्याच असतात: उताऱ्याचा सारांश साधारण एक तृतीयांश शब्दांत लिहा, स्वतःच्या शब्दांत लिहा, शीर्षक देऊ नका.

एवढ्या वह्या पाहिल्यावर मला एक गोष्ट ठामपणे सांगता येते. मुद्दे सुटले म्हणून सारांश फसल्याची उदाहरणं कमी असतात. मुद्दे बहुधा सगळे आलेले असतात, पण त्यांना एकमेकांशी बांधणारे ‘पण’, ‘म्हणून’, ‘नव्हे’, ‘फक्त’ हे छोटे शब्द गळून गेलेले असतात. मग उताऱ्यातलं प्रत्येक वाक्य खरं राहूनही लेखकाचं म्हणणं उलटं होतं. म्हणून इथे मी सारांशाच्या सगळ्या नियमांत शिरत नाही. वाद घालणारा उतारा एक तृतीयांश करताना त्याचा युक्तिवाद शाबूत कसा ठेवायचा, एवढंच एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवते.

सरावासाठी लिहिलेला हा माझा उतारा. आधी तो नुसता वाचा, हातात पेन्सिल घेऊ नका.

> अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले गेले. जमिनीखालून बांधीव नळ आला, त्यावर जागोजागी उच्छ्वास बांधले गेले आणि पेठांतल्या हौदांत पाणी पडू लागले. वर चढवायला यंत्र नव्हते. उतारच पाण्याला शहरापर्यंत घेऊन येई. आज या व्यवस्थेविषयी बोलताना आपण तिच्या बांधणीचेच कौतुक करतो. पण तिचा खरा गुण बांधणीत नव्हता, तो दिसण्यात होता. हौद उघडा होता. पाणी चार बोटे खाली गेले की घागर भरणाऱ्या बाईला, पाणक्याला आणि बैल पाजायला आलेल्या गाडीवानाला ते एकाच वेळी कळे. टंचाईची बातमी कुणाला द्यावी लागत नसे, आणि म्हणून वापर आपोआप आवरला जाई.
>
> ही व्यवस्था जशीच्या तशी परत आणावी, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. एक तर वाढलेल्या शहराची तहान त्या तलावाने भागणार नाही. दुसरे म्हणजे हौद सर्वांचे नव्हते. अस्पृश्य मानलेल्यांना तिथे पाणी भरता येत नसे. जोतीराव फुल्यांना १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला करावा लागला, यातच सगळे आले. घराघरांत आलेल्या नळाने हा अपमान पुष्कळ कमी केला. नळाचा हा उपकार नाकारता येणार नाही.
>
> परंतु नळाबरोबर एक गोष्ट गेली. खडकवासल्यात पाणी किती उरले, हे चौथ्या मजल्यावरच्या माणसाला तोटी सोडताना दिसत नाही. गच्चीवरची टाकी भरलेली असते तोवर धार सारखीच येते, आणि ज्या दिवशी ती थांबते त्या दिवशी काटकसर करायला उशीर झालेला असतो. आपण पाणी उधळतो ते बेफिकीर आहोत म्हणून नव्हे. साठा आपल्या डोळ्यांआड गेला आहे म्हणून. तेव्हा नुसत्या उपदेशाच्या पाट्या लावून भागणार नाही. प्रत्येक सोसायटीच्या जिन्यात टाकीची पातळी दाखवणारी काचेची नळी असावी आणि तिच्याशेजारी धरणातल्या साठ्याचा आकडा रोज लिहिला जावा. हौद परत नको. हौदाची पातळी तेवढी पुन्हा दिसू द्या.

आधी मोजणी

हा उतारा २३१ शब्दांचा आहे. त्याचा तिसरा हिस्सा ७७. परीक्षेत एकेक शब्द मोजत बसायला वेळ नसतो. उताऱ्याच्या मधल्या चार पूर्ण ओळींचे शब्द मोजा, सरासरी काढा आणि ओळींच्या संख्येने गुणा. परिच्छेदाच्या शेवटच्या अर्ध्यामुर्ध्या ओळी जोडून पूर्ण ओळी धरा. दहा-बारा शब्दांचा फरक पडला तरी सारांशात तो तीन-चार शब्दांचाच होतो.

स्वतःच्या अक्षरांत एका ओळीत किती शब्द मावतात हेही घरीच मोजून ठेवा. कुणाचे सात येतात, कुणाचे दहा. आठ येत असतील तर ७७ शब्द म्हणजे जवळपास दहा ओळी. उत्तर लिहायच्या आधी दहाव्या ओळीशी पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली की लिहिताना हात आपोआप बेताने चालतो. तिकडे पोचायच्या आत शेवटचा मुद्दा कागदावर आला पाहिजे, एवढं भान पुरतं.

मराठीपुरती एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण बरीच मुलं हिंदी नमुने पाहून सराव करतात. हिंदीत ‘घर में’ हे दोन शब्द, मराठीत ‘घरात’ हा एक. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. त्यामुळे तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. हिंदी नमुन्यातलं वाक्य किती लांब आहे ते पाहून आपल्या वाक्याची लांबी ठरवू नका. मोजमाप नेहमी समोरच्या मराठी उताऱ्यावरून घ्या.

लेखक कुणाशी वाद घालतो आहे?

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल हातात घ्या, पण महत्त्वाच्या ओळींखाली रेघा ओढू नका. तसं केलं की उताऱ्यातला रंगीत भाग अधोरेखित होतो: उच्छ्वास, गाडीवान, फुल्यांचा हौद. मग सारांशात तेच येतं. त्याऐवजी एक प्रश्न विचारा. या लेखकाला कुणाचं म्हणणं खोडायचं आहे?

आपल्या उताऱ्यात त्याचे विरोधक तीन आहेत. पहिला जुन्या व्यवस्थेच्या बांधणीवर खूश असलेला माणूस. त्याला लेखक म्हणतो, गुण बांधणीत नव्हता. दुसरा जुनं सगळं परत आणा म्हणणारा; त्याला लेखक म्हणतो, ते भाबडेपणाचं होईल. तिसरा ‘पाणी वाचवा’ अशी पाटी रंगवणारा. त्याला लेखक म्हणतो, लोक बेफिकीर नाहीत, त्यांना साठा दिसत नाही, म्हणून नुसत्या पाटीने भागणार नाही.

हे तीन नकार सापडले की उताऱ्याचा सांगाडा हातात आला. लेखकाचा होकार या तीन नकारांमधूनच बाहेर येतो: जुन्या व्यवस्थेतली एकच गोष्ट, साठा दिसण्याची, नव्या व्यवस्थेत आणा. वाद घालणाऱ्या उताऱ्यात मध्यवर्ती मुद्दा शोधायला मला याहून चांगली वाट सापडलेली नाही. ‘विषय काय आहे’ असं विचारलं तर उत्तर ‘पुण्याचं पाणी’ असं येतं आणि त्यातून सारांश लिहिता येत नाही. ‘कुणाला काय खोडून सांगितलं’ असं विचारलं तर पूर्ण वाक्य मिळतं.

ते वाक्य वहीच्या समासात लिहून टाका. मी असं लिहीन: *हौद नकोत, पण पाण्याचा साठा हौदात दिसायचा तसा दिसायला हवा, कारण तो न दिसल्यानेच उधळपट्टी होते.* एवढं एक वाक्य तुम्हाला लिहिता येत नसेल तर अजून सारांशाला हात घालू नका, तिसऱ्यांदा वाचा.

सांधे आणि भरताड

आता प्रत्येक वाक्यापुढे समासात एक शब्द टाका: मुद्दा, कारण, दाखला, कबुली किंवा उपाय. आपल्या उताऱ्याची पहिली चार वाक्यं पार्श्वभूमी आहेत. ‘तिचा खरा गुण’ हा मुद्दा. घागर, पाणक्या, गाडीवान हा दाखला. ‘म्हणून वापर आपोआप आवरला जाई’ हा परिणाम. दुसरा परिच्छेद पूर्णपणे कबुलीचा आहे, आणि तिच्या पोटात फुल्यांचा दाखला. तिसऱ्यात आधी नुकसान, मग कारण, मग उपाय.

याच फेरीत सांधणारे शब्द गोल करून ठेवा. इथे ते असे आहेत: ‘पण’ (तिचा खरा गुण), ‘म्हणून’ (वापर आवरला जाई), ‘मात्र’ (भाबडेपणाचे होईल), ‘एक तर… दुसरे म्हणजे’, ‘परंतु’ (एक गोष्ट गेली), ‘म्हणून नव्हे… म्हणून’, ‘तेव्हा’, ‘नुसत्या’ आणि अगदी शेवटचं ‘तेवढी’. मराठीत यांत आणखी एक लपलेला असतो, तो म्हणजे शब्दाला चिकटलेला ‘च’. ‘बांधणीचेच कौतुक करतो’ यातला ‘च’ काढला तर लेखकाची तक्रारच जाते. कौतुकाला त्याची हरकत नाही, फक्त बांधणीचंच होतं याला आहे.

सारांशात हे शब्द जसेच्या तसे यायला हवेत असं नाही. ‘परंतु’च्या जागी ‘मात्र’ चालेल. पण ज्या ठिकाणी उतारा वळतो त्या प्रत्येक ठिकाणी सारांशही वळला पाहिजे.

कबुलीच्या भागाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळ्यात आधी कात्री तिलाच लागते. मुलांना वाटतं, लेखक इथे विषय सोडून दुसऱ्या बाजूचं बोलतो आहे, तेव्हा हे गाळलं तरी चालेल. पण कबुलीमुळे लेखकाच्या मागणीला मर्यादा पडते. दुसरा परिच्छेद गाळून पहिला आणि तिसरा जोडून पाहा: जुने हौद चांगले होते, नळ वाईट आहेत, असा उतारा तयार होतो. लेखकाने जे म्हणायचं नाही म्हणून साठ शब्द खर्च केले, नेमकं तेच त्याच्या तोंडी जातं. कबुली आखूड करा, दाखले काढा, पण तिचा निष्कर्ष ठेवा.

फसलेला सारांश

बऱ्याच वह्यांतल्या चुका एकत्र करून मी हा नमुना तयार केला आहे. तो ७० शब्दांचा आहे, म्हणजे मोजणीत काही वावगं नाही.

> पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी येत असे. उच्छ्वास आणि हौद बांधले होते. हौद उघडे असल्याने पाणी कमी झाले की सर्वांना कळे. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपला हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आज घरोघरी नळ आले, पण लोक बेफिकीरपणे पाणी उधळतात. टाकी भरलेली असते तोवर धार सारखीच येते. नुसत्या पाट्या लावून भागणार नाही. प्रत्येक सोसायटीने टाकीला काचेची नळी लावावी. आपण सर्वांनी पाणी जपून वापरले पाहिजे आणि जुन्या व्यवस्थेपासून बोध घेतला पाहिजे.

वाचायला सोपा आहे आणि पहिल्या नजरेत बराही वाटतो. पण ‘लोक बेफिकीरपणे पाणी उधळतात’ हे पाहा. लेखकाने ‘बेफिकीर आहोत म्हणून नव्हे’ असं लिहिलं होतं. ‘नव्हे’ गळालं आणि लेखकाने नाकारलेलं कारणच त्याचं कारण म्हणून आलं. शेवटच्या वाक्यात तर सारांश लिहिणाऱ्याने स्वतःच उपदेशाची पाटी लावली. फुल्यांचं वाक्य खरं आहे, पण ते का आलं हे कळत नाही. कारण ज्या कबुलीसाठी ते आलं होतं ती कबुलीच सारांशात नाही. काचेची नळी आली, तिचं कारण आलं नाही.

असा सारांश ओळखायची एक खूण आहे. त्यातली वाक्यं पुढेमागे करून पाहा. फुल्यांचं वाक्य टाकीच्या वाक्यानंतर नेलं तरी काही बिघडत नसेल, तर ती यादी आहे. युक्तिवाद असेल तर वाक्य हलवताच ‘म्हणून’ आणि ‘मात्र’ अडखळतात.

उतारा झाकून लिहा

समासात केलेलं टिपण समोर ठेवा आणि उतारा उलटा करून ठेवा. ‘स्वतःच्या शब्दांत’ ही अट पाळायचा मला ठाऊक असलेला हा सगळ्यात सोपा उपाय आहे. उतारा दिसत असेल तर डोळे त्याची वाक्यं उचलतात, आणि मग आपण वाक्यातले मधले शब्द गाळून उरलेलं जोडत बसतो. तसं केलेलं लगेच कळतं, कारण वाक्यं तुटक होतात.

स्वतःच्या शब्दांत म्हणजे प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द शोधणं नव्हे. हौद, नळ, साठा ही वस्तूंची नावं आहेत, ती तशीच राहू द्या. हौदाला ‘जलसंचय’ म्हटल्याने काही साधत नाही. बदलायची ती वाक्याची बांधणी.

शब्द नेमके कुठे वाचतात हे पाहू. पहिल्या चार वाक्यांत ३५ शब्द आहेत: पेशवे, नळ, उच्छ्वास, उतार. युक्तिवादाला यातलं एवढंच लागतं की कात्रजहून हौदांत येणाऱ्या पाण्याची एक जुनी व्यवस्था होती. ‘कात्रजहून हौदांत येणाऱ्या पाण्याच्या जुन्या व्यवस्थेचे’, सहा शब्द, आणि पार्श्वभूमी संपली. वाक्यं न करता तिला पुढच्या वाक्याच्या कर्त्याला लावून टाकली. मराठीत ‘येणाऱ्या’, ‘वापरणाऱ्या’ अशी धातुसाधितं असल्यामुळे हे फार सहज होतं. बाई, पाणक्या आणि गाडीवान या तिघांचं ‘वापरणाऱ्यांना’ एवढं एकच होतं. अस्पृश्यांच्या मनाईचं आणि फुल्यांच्या दाखल्याचं, अशी २१ शब्दांची दोन वाक्यं ‘तिच्यात जातिभेद होता’ या तीन शब्दांत बसतात.

पण हीच कात्री कारणाच्या वाक्यावर चालवू नका. ‘आपण पाणी उधळतो ते…’ पासूनच्या १४ शब्दांच्या दोन वाक्यांचं माझ्या सारांशात आठ शब्दांचं एक वाक्य झालं, आणि मी त्याहून खाली गेले नाही. दाखला सहाव्या हिश्शावर येऊ शकतो, कारण निम्म्यावर येतं, आणि दोन्हींची सरासरी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जाते. तिसरा हिस्सा हे माप पूर्ण उताऱ्याचं असतं, वाक्याचं किंवा परिच्छेदाचं नसतं.

समासांचा मोह आवरा. ‘जलसाठादर्शकव्यवस्था’ असा एक शब्द करून चार वाचवता येतात, पण तपासणारा तिथे अडखळतो आणि मोजणारा तो एकच धरेल याचीही खात्री नसते. तसंच ‘लेखकाच्या मते’, ‘प्रस्तुत उताऱ्यात असे सांगितले आहे की’ ही सुरुवात नको. ७७ मधले पाच-सहा शब्द त्यात जातात आणि हाती काही लागत नाही. सारांश लेखकाच्याच भूमिकेतून लिहायचा.

माझा पहिला खर्डा ७० शब्दांचा झाला. परीक्षेत तेवढा चालला असता, पण सात शब्द हातात होते. अशा वेळी मुलं गाळलेला एखादा दाखला परत घालतात. मी समासातलं टिपण पाहिलं आणि विचारलं, कोणता सांधा कमकुवत आहे? साठा नजरेआड झाला इथून नासाडी होते इथपर्यंतची उडी मोठी वाटली. मधली पायरी उताऱ्यात होती: धार थांबते त्या दिवशी उशीर झालेला असतो. तीच सात शब्दांत घातली. तयार झालेला सारांश असा:

> कात्रजहून हौदांत येणाऱ्या पाण्याच्या जुन्या व्यवस्थेचे महत्त्व रचनेत नसून साठा वापरणाऱ्यांना प्रत्यक्ष दिसण्यात होते. तो घटताच लोक हात आखडता घेत. ती आज अपुरी पडेल, शिवाय तिच्यात जातिभेद होता आणि त्यातली मानहानी घरोघरच्या नळांनी बरीच कमी केली. म्हणून ती पुन्हा उभारणे योग्य नाही. मात्र नळांमुळे साठा नजरेआड झाला आणि टंचाई कळेपर्यंत काटकसरीची वेळ टळू लागली. पाण्याची नासाडी निष्काळजीपणामुळे नव्हे, तर या अदृश्यतेमुळे होते. त्यामुळे उपदेश पुरेसा नाही. इमारतीतील आणि धरणातील शिल्लक पाणी रहिवाशांना रोज दिसेल अशी सोय हवी.

हे ७७ शब्द आहेत. परिच्छेदांचा हिशोब पाहिला तर गंमत दिसते. उताऱ्यातला पहिला परिच्छेद ८७ शब्दांचा, त्याला सारांशात २० आले. दुसरा ६० चा, त्याला २२. तिसरा ८४ चा, त्याला ३५. सगळ्यात लांब परिच्छेदाला सगळ्यात कमी जागा मिळाली, कारण त्याचा बराच भाग पार्श्वभूमी आणि दाखल्याचा होता. जी मुलं प्रत्येक परिच्छेदाचा वेगवेगळा तिसरा हिस्सा काढतात, त्यांचा पहिला परिच्छेद सुजतो आणि उपायाला शेवटी दोन ओळी उरतात.

‘अदृश्यतेमुळे’ हा शब्द मला फारसा आवडलेला नाही, तो पुस्तकी आहे. ‘या न दिसण्यामुळे’ असं लिहिलं तर बोलीला जवळ जातं आणि एक शब्द वाढतो. वेळ असेल तर तेच घ्यावं.

तपासणी

छत्तीस मिनिटांतली दहा-बारा वाचनाला आणि समासातल्या टिपणाला, तेवढीच खर्ड्याला, आठ सुवाच्य प्रतीला गेली की पाचेक मिनिटं उरतात. त्यांत शुद्धलेखन बघण्याआधी एक काम करा: सारांशावरून त्या तीन विरोधकांची उत्तरं मिळतात का ते पाहा. बांधणीचं कौतुक करणाऱ्याला उत्तर आहे का? ‘रचनेत नसून’, आहे. परत आणा म्हणणाऱ्याला? ‘पुन्हा उभारणे योग्य नाही’, आहे. पाटीवाल्याला? ‘उपदेश पुरेसा नाही’, आहे, आणि त्याआधी कारणही आहे. फसलेल्या नमुन्याला हेच तीन प्रश्न विचारले तर पहिल्या दोघांना उत्तरच मिळत नाही, आणि तिसऱ्याला पाट्या पुरेशा नाहीत एवढं सांगून शेवटी पुन्हा पाटीच दाखवली जाते.

घरी सराव करताना यापेक्षा चांगली परीक्षा आहे. मूळ उतारा न वाचलेल्या माणसाला नुसता सारांश वाचायला द्या आणि विचारा, ‘याला काय हवं आहे, आणि काय नको आहे?’ ‘हौद परत हवेत’ असं उत्तर आलं तर तुमची कबुली हरवली आहे. ‘लोकांनी पाणी जपावं’ असं आलं तर ‘नव्हे’ हरवलं आहे. अभ्यासिकेत मुलं जोड्या करून एकमेकांच्या वह्या अशा तपासतात, आणि दुसऱ्याची चूक शोधताना त्यांना आपली लवकर दिसते.

ही पद्धत सगळ्या उताऱ्यांना लागू होत नाही. निव्वळ वर्णनाचा किंवा माहितीचा उतारा असेल तर तिथे विरोधक नसतो. तिथे भागांचं प्रमाण राखणं हेच मुख्य काम. आणि कधी कधी लेखक मुद्दा सांगतच नाही, एकच प्रसंग सांगतो आणि मुद्दा त्या प्रसंगातच असतो. अशा उताऱ्यात दाखला गाळला की हातात काही उरत नाही, तेव्हा प्रसंग ठेवून त्याचे तपशील कमी करायचे. उतारा कोणत्या जातीचा आहे हे पहिल्या वाचनातच ठरवावं लागतं. ‘पण’, ‘मात्र’, ‘नव्हे’ वारंवार भेटत असतील तर तो वादाचा.

वरच्या सारांशाच्या माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘महत्त्व तिच्या रचनेपेक्षा साठा सर्वांना प्रत्यक्ष दिसण्यात होते’ असं होतं. मी तो वर्गात फळ्यावर लिहिला. साताऱ्याहून आलेली, मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, ‘सर्वांना’ कसं? एका वाक्यानंतर आपणच जातिभेद होता म्हणतोय.’’ तिचं बरोबर होतं. मूळ उताऱ्यात बाई, पाणक्या आणि गाडीवान होते, ‘सर्व’ नव्हते. तिघांना एका शब्दात गुंडाळताना मी नकळत लेखकाच्या तोंडी खोटं विधान घातलं होतं. ‘सर्वांना’ पुसून ‘वापरणाऱ्यांना’ केलं. मग तिनेच ‘रचनेपेक्षा’वर बोट ठेवलं: ‘‘पेक्षा म्हटलं की रचनेतही थोडं महत्त्व होतं असं होतं. लेखक तर नव्हतंच म्हणतोय.’’ तिथे ‘रचनेत नसून’ आलं. शब्दांची संख्या पुन्हा मोजली तेव्हा आधी लिहिलेला ‘तिच्या’ही अनावश्यक निघाला आणि तोही पुसला.